मुलाखतीनंतरचे पत्र: आभार मोजके, उद्दिष्ट एकच

प्रश्न: मी बी.एस्सी., बी.एड. आहे. मागच्या आठवड्यात एका खाजगी विनाअनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिक्षिकेच्या पदासाठी मुलाखत दिली. आधी आठवीच्या वर्गावर वीस मिनिटांचा पाठ झाला. पाठात एका मुलाने −५/२ ही संख्या −२ आणि −१ यांच्या मध्ये दाखवली. मी ती त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेतली, तेव्हा मुख्याध्यापिकांनी वहीत काहीतरी टिपले. मग मुख्याध्यापिका, तीन विश्वस्त आणि एक ज्येष्ठ शिक्षक यांच्या व्यवस्थापन समितीने प्रश्न विचारले. अध्यापनाची उद्दिष्टे विचारल्यावर मी ‘विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास’ एवढेच बोलू शकले. एका विश्वस्तांनी दहावीचा निकाल किती टक्के आणाल असे विचारले, त्यावर ‘प्रयत्न करीन’ म्हणाले. निवड महिनाअखेरच्या बैठकीत ठरणार आहे. आभाराचे पत्र लिहावेसे वाटते, पण मैत्रीण म्हणते की ती लाचारी दिसेल. लिहावे का, कोणाला लिहावे, आणि उद्दिष्टे आता पुन्हा कशी मांडावीत?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: पत्र अवश्य लिहा, आणि आजच लिहा. असे पत्र मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी गेले तर उत्तम, परंतु बैठक अजून व्हायची असल्याने तुमचा वेळ गेलेला नाही. उशिराबद्दल क्षमा मागण्यात एकही ओळ घालवू नका. मैत्रिणीची शंका मला समजते. ‘माझा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’, ‘घरची परिस्थिती बेताची आहे’ अशा वाक्यांनी भरलेली पत्रे मी पाहिली आहेत आणि ती वाचताना समितीतले सगळेच अवघडून जातात. मुलाखतीत अपुरे राहिलेले एक उत्तर ज्या पत्रात पुरे केलेले असते, ते मात्र समितीच्या उपयोगाचे असते.

मी मुख्याध्यापिका म्हणून बरीच वर्षे निवडीच्या बैठकांना बसले आहे, त्यामुळे त्या टेबलावर काय घडते ते सांगते. मुलाखती होऊन दहा-पंधरा दिवस लोटलेले असतात. प्रत्येक उमेदवाराची एक फाइल असते आणि तिच्यात अर्ज, प्रमाणपत्रांच्या छायाप्रती व त्या दिवशी दिलेल्या गुणांचा कागद असतो. विश्वस्त आपापले व्यवसाय सांभाळून आलेले असतात. त्यांना चेहरे आठवतात, नावे आठवत नाहीत. ‘त्या पाठ छान घेणाऱ्या बाई कोणत्या, दुसऱ्या की चौथ्या?’ असा प्रश्न हमखास येतो. अशा वेळी फाइलमध्ये वर लावलेले एका पानाचे पत्र वाचून दाखवले गेले, तर पाठ पुन्हा डोळ्यासमोर उभा राहतो. तुमच्या पत्राने एवढेच काम करायचे आहे.

पत्र कोणाला लिहायचे, याबाबत उमेदवारांची एक चूक नेहमी होते. ‘शाळा व्यवस्थापन समिती’ हे नाव २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातले आहे. त्या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि तुमच्यासारख्या विनाअनुदानित शाळेला त्या कायद्याने ती बंधनकारक केलेली नाही. तुमच्यासमोर बसलेली मंडळी बहुधा ‘शाळा समिती’ची असावीत. महाराष्ट्र खाजगी शाळा कर्मचारी नियमावली, १९८१ प्रमाणे या समितीत संस्थेचे प्रतिनिधी आणि सेवाज्येष्ठतेनुसार एक कायम कर्मचारी असतो, तर मुख्याध्यापक पदसिद्ध चिटणीस असतात. म्हणून पत्र मुख्याध्यापिकांच्या नावे लिहा आणि त्यातच शाळा समितीच्या सदस्यांचे व विश्वस्तांचे आभार माना. मुलाखतीच्या बोलावण्याचे पत्र काढून पाहा. त्यात समितीसाठी जे नाव वापरले असेल तेच वापरा. संस्थेत ‘कार्यवाह’ म्हणतात, ‘सचिव’ म्हणतात की ‘चिटणीस’, हेही त्याच कागदाच्या शीर्षावर कळेल. विश्वस्तांची नावे खात्रीने माहीत नसतील तर लिहू नका. चुकलेल्या आडनावापेक्षा ‘मा. विश्वस्त’ हे कितीतरी बरे.

हीच मुलाखत अनुदानित पदासाठी, पवित्र पोर्टलवरून आलेल्या यादीतून झाली असती, तर माझा सल्ला वेगळा असता. तेथे निवड गुणांच्या नोंदीवर होते आणि नंतर आलेल्या पत्राने त्या नोंदीत फरक पडू नये, अशीच अपेक्षा असते. तेथे तीन ओळींचे आभार पुरेत, उद्दिष्टे लिहू नयेत. तुमच्या शाळेत निर्णय संस्थेच्या विचारावर आहे, म्हणून उद्दिष्ट लिहिण्यात अर्थ आहे.

आता उद्दिष्टाकडे येऊ. अनेक उमेदवार पत्र लिहायला बसले की मुलाखतीत सुचले नव्हते ते सगळे त्यात घालतात: मूल्यशिक्षण, शिष्यवृत्ती परीक्षा, विज्ञान प्रदर्शन, पालकभेटी, स्पर्धा परीक्षांची तयारी. असे दीड पानाचे, सात उद्दिष्टांचे पत्र मी एकदा बैठकीत वाचून दाखवले होते. संपल्यावर एका विश्वस्तांनी शांतपणे विचारले, ‘हे सारे एका वर्षात?’ त्या उमेदवार बाई चांगल्या शिक्षिका होत्या असे माझे आजही मत आहे, पण त्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तुम्ही एकच उद्दिष्ट घ्या, आणि ते तुमच्या पाठातूनच उचला, कारण तो पाठ समितीने डोळ्यांनी पाहिला आहे.

तो मुलगा जिथे चुकला, ती जागा नीट पाहू या. −५/२ म्हणजे उणे अडीच, आणि ती संख्या −३ व −२ यांच्या बरोबर मध्ये येते. तो शून्यापासून डावीकडे दोन घरे गेला आणि उरलेले अर्धे पाऊल त्याने उजवीकडे टाकले, म्हणून त्याची खूण उणे दीडवर पडली. ‘अजून अर्धे’ म्हणजे नेहमी उजवीकडे, ही सवय धन संख्यांवर लागलेली असते आणि ऋण संख्यांमध्ये ती मुलाला फसवते. तुम्ही ती त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेतलीत, आणि मुख्याध्यापिकांनी टिपले ते हेच असणार असे मी बऱ्याच खात्रीने म्हणेन.

ही चूक आठवीत राहून गेली की दहावीत तिचे रूप बदलते. दोन चलांतील रेषीय समीकरणे किंवा वर्गसमीकरणे सोडवताना मुलाला रीत समजलेली असते, पण २x − ३ = −७ वरून तो २x = −१० लिहितो. खरे तर −७ मध्ये ३ मिळवून २x = −४, म्हणजे x = −२ यायला हवे. गणित भाग १ ची लेखी परीक्षा ४० गुणांची. चिन्हाची चूक पहिल्याच पायरीवर झाली की पुढच्या पायऱ्या रीतसर असूनही उत्तर हातचे जाते. निकालाविषयी विचारणाऱ्या विश्वस्तांना हा धागा दाखवला, तर त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आणि तुमचे उद्दिष्ट एकाच ठिकाणी येतात.

टक्केवारीचे वचन मात्र कटाक्षाने टाळा. ‘शंभर टक्के निकाल लावीन’ हे वाक्य काही विश्वस्तांना आवडते, परंतु समितीतल्या ज्येष्ठ शिक्षकाच्या मनात त्याने शंका उभी राहते. काही ठिकाणी शंभर टक्के कसे जमवले जातात ते त्याला ठाऊक असते: कच्च्या मुलाला नववीतच थांबवायचे किंवा त्याच्या पालकांना समजावून दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरायला लावायचा, म्हणजे ते मूल शाळेच्या निकालात मोजले जात नाही. असे मूल मी जवळून पाहिले आहे. वर्गातले मित्र गणवेशात शाळेत जात असताना ते घराच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलेले असते. ज्या मुलांना अजून तुम्ही ओळखतही नाही, त्यांच्या निकालाचा आकडा देऊ नका. काय कराल, केव्हा कराल आणि ते झाले की नाही हे कशावरून कळेल, एवढे सांगा.

यासाठी वेळ कुठून येणार, हा मुख्याध्यापिकांचा पहिला प्रश्न असेल, कारण वेळापत्रक त्यांना सांभाळायचे असते. ‘रोज जादा तास घेईन’ असे लिहिणे सोपे असते. पण जादा तासाला खोली लागते, शिपाई थांबावा लागतो, आणि लांबून एसटीने येणाऱ्या मुलांची गाडी चुकते. त्याऐवजी स्वतःच्याच तासिकेतली आठवड्यातून दोनदा पहिली दहा मिनिटे मागा. जुलै ते प्रथम सत्र परीक्षा असे बारा आठवडे धरले, तर चोवीस वेळा दहा मिनिटे, म्हणजे एकूण चार तास होतात. चाळीस मिनिटांच्या तासिका धरल्या तर त्या सहा भरतात. सहा तासिकांमुळे अभ्यासक्रम मागे पडत नाही, आणि हा हिशेब पत्रात आला की तुम्ही शाळेच्या अडचणीचाही विचार केला आहे हे दिसते.

या सगळ्याचे पत्र साधारण असे होईल. हे जसेच्या तसे उतरवू नका; वाक्ये तुमच्या बोलण्यासारखी करून घ्या.

दिनांक: …

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
(शाळेचे नाव व पत्ता)

विषय: माध्यमिक गणित शिक्षिका पदाच्या मुलाखतीबद्दल आभार
संदर्भ: दि. … रोजीची मुलाखत, अर्ज क्र. …

महोदया,

संदर्भीय दिवशी मला आठवीच्या वर्गावर पाठ घेण्याची व त्यानंतर शाळा समितीसमोर माझे विचार मांडण्याची संधी मिळाली, याबद्दल मी आपली, मा. विश्वस्तांची आणि पाठाचे निरीक्षण करणाऱ्या ज्येष्ठ शिक्षकांची मनापासून आभारी आहे. मुले फळ्यापाशी येऊन न घाबरता चुकत होती आणि चूक सुधारत होती, हे मला विशेष भावले.

अध्यापनाच्या उद्दिष्टांविषयी विचारलेल्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर फार सर्वसाधारण होते, म्हणून ते येथे नेमकेपणाने मांडते. पाठात एका विद्यार्थ्याने −५/२ ही संख्या −२ व −१ यांच्या मध्ये दाखवली होती. ऋण संख्या व अपूर्णांक यांवरील क्रियांत आठवीच्या आणखी किती मुलांना अशी अडचण आहे, ते शोधून प्रथम सत्र परीक्षेपूर्वी ती दूर करणे, हे माझे पहिल्या वर्षाचे मुख्य उद्दिष्ट राहील. त्यासाठी शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात २० गुणांची एक चाचणी घेईन. नंतर माझ्याच तासिकांपैकी आठवड्यातून दोन वेळा पहिली दहा मिनिटे या सरावाला देईन. बारा आठवड्यांत हा वेळ सुमारे सहा तासिका होईल. सत्र परीक्षेपूर्वी त्याच प्रकारच्या प्रश्नांची, आकडे बदललेली चाचणी पुन्हा घेऊन दोन्हींची तुलना आपणास सादर करीन.

मा. विश्वस्तांनी दहावीच्या निकालाविषयी विचारले होते. विद्यार्थ्यांना ओळखण्यापूर्वी टक्केवारी सांगणे मला योग्य वाटत नाही. दहावीच्या बीजगणितात चिन्हांच्या चुकांमुळे जाणारे गुण आठवीपासूनच वाचवता येतात, असे मला वाटते, आणि वरील काम मी त्याच दृष्टीने करणार आहे.

माझ्याकडून आणखी काही माहिती किंवा कागदपत्र हवे असल्यास कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी, नाव, मोबाईल क्रमांक)

आभाराच्या परिच्छेदात शाळेच्या ‘उज्ज्वल परंपरे’चा उल्लेख नाही, ही गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. ते वाक्य प्रत्येक अर्जात असते, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर त्यावर ठरत नाही. मुले न घाबरता चुकत होती, हे मात्र त्या वर्गात उभे राहिलेल्या माणसालाच लिहिता येते, आणि त्यात त्या वर्गाच्या शिक्षकांचेही नकळत कौतुक होते. अर्थात तुम्हाला तसे खरोखर दिसले असेल तरच हे वाक्य ठेवा. मुले दबलेली वाटली असतील, तर दुसरी कोणती खरी गोष्ट आठवते का ते पाहा, आणि काहीच आठवले नाही तर आभाराचे पहिले वाक्य तेवढे पुरेसे आहे.

‘माझे उत्तर सर्वसाधारण होते’ ही कबुली काढून टाकावी असा मोह तुम्हाला होईल. कृपा करून ती ठेवा. समितीला तुमचे ते उत्तर आठवत असणारच, आणि आपले उत्तर कुठे कमी पडले हे ज्या उमेदवाराला कळते, तो वर्गातही आपला पाठ कुठे कमी पडला ते ओळखेल, असा विचार मी स्वतः अशा वेळी केलेला आहे. मात्र ही कबुली एका वाक्याची असावी. ‘मी घाबरले होते’, ‘ऐनवेळी सुचले नाही’ अशी कारणे जोडू नका.

पगार, रुजू होण्याची तारीख, दुसऱ्या शाळेतून आलेले बोलावणे यांचा उल्लेख या पत्रात नको. संस्थेला ‘सहकार्य’ करण्याची तयारी कोणत्याही अर्थाने सुचवू नका. पैशाची भाषा समोरून निघाली, तरी तिला लेखी वा तोंडी होकार देऊ नका. विश्वस्तांपैकी कोणी तुमच्या मामांच्या ओळखीचे निघाले, तरी पत्र त्यांच्या हाती देऊ नका, आणि त्यांचा मोबाईल क्रमांक मिळाला म्हणून व्हॉट्सॲपवर आभार पाठवू नका. एका विश्वस्तांना स्वतंत्र निरोप गेल्याचे उरलेल्या दोघांना कळतेच, आणि मग तुमची बाजू मांडू इच्छिणाऱ्या मुख्याध्यापिकांचीही अडचण होते.

पत्र एका बाजूने टंकलिखित, एका पानात बसणारे असावे. त्याच्या दोन प्रती काढून शाळेच्या कार्यालयात स्वतः द्या. सुट्टीच्या दिवसांत कार्यालय बहुधा सकाळीच उघडे असते, म्हणून आधी फोन करून वेळ विचारा. लिपिक एक प्रत आवक नोंदवहीत नोंदवून ठेवून घेतील. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती स्वतःजवळ ठेवा. नोंद झालेला कागद फाइलला लागतो. ईमेलही करा, पण केवळ ईमेलवर विसंबू नका. अनेक शाळांचा ईमेल लिपिकच पाहतात आणि सुट्टीत तो आठ-आठ दिवस उघडला जात नाही. मुख्याध्यापिका कार्यालयात दिसल्या तर नमस्कार करून ‘पत्र दिले आहे’ एवढेच सांगा. त्या बसा म्हणाल्या तर बसा, पण निवडीचा विषय आपण होऊन काढू नका.

बैठकीची तारीख उलटल्यावर कामाचे चार-पाच दिवस जाऊ द्या आणि मग कार्यालयात एकदाच फोन करून निर्णय झाला का ते विचारा. ‘अजून ठरले नाही’ असे उत्तर आले, तर कधी विचारू ते त्यांच्याकडूनच समजून घ्या. ‘सोमवारपासून वर्गावर या’ असा निरोप आला, तर आनंदाने जा, पण पहिल्याच दिवशी लेखी नियुक्तिपत्र मागा. त्याचा नमुना १९८१ च्या त्याच नियमावलीत दिलेला आहे आणि ते मागण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

दरम्यानच्या दिवसांत पत्रात लिहिलेली ती २० गुणांची चाचणी तयार करून ठेवा. दोन गुणांचे दहा प्रश्न पुरेत: तीन संख्यारेषेवरचे, तीन ऋण संख्यांच्या बेरीज-वजाबाकीचे, दोन अपूर्णांकांच्या भागाकाराचे आणि दोन साध्या समीकरणांचे. मुख्याध्यापिका पुन्हा बोलावून ‘ती चाचणी दाखवा पाहू’ असे म्हणण्याची बरीच शक्यता आहे. त्यांच्या जागी मी असते तर नक्की म्हटले असते.